विरुद्ध पक्षाचं काम आधी केलेलं असताना भाषांतराला नकार कसा कळवावा?

प्रश्न: मी सातारा भागात वकिलांसाठी मराठी-इंग्रजी भाषांतरं करतो. परवा एका वकिलांनी हायकोर्टातल्या अपिलासाठी जुनं वाटणीपत्र आणि काही कागद मेलवर पाठवले. पहिलं पान उघडल्यावर लक्षात आलं की याच बहीण-भावाच्या जमिनीच्या वादात दीड वर्षापूर्वी मी समोरच्या, म्हणजे भावाच्या वकिलांचं काम केलं होतं, त्यात घरगुती पत्रंही होती. काम नाकारायचं ठरवलंय, पण पत्रात काय लिहू? खरं कारण लिहू, की ‘वेळ नाही’ म्हणून मोकळा होऊ? आणि खरं तर कागद एकच, भाषांतर एकच, मग नाकारायची गरज तरी आहे का?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मिटली की पत्र आपोआप सुचतं.

जुन्या वाटणीपत्रात ‘वहिवाट’ हा शब्द येतोच येतो. ‘सदर मिळकत अमुक यांचे वहिवाटीस आहे.’ याचं इंग्रजी तुम्ही ‘पझेशन’ कराल, ‘यूज’ कराल की ‘कल्टिव्हेशन’? रस्त्याबद्दल असेल तर वहिवाट म्हणजे जाण्यायेण्याचा चालत आलेला वापर. जमिनीबद्दल असेल तर कधी प्रत्यक्ष ताबा, कधी नुसती कसणूक. आपण संदर्भ बघून एक शब्द निवडतो, आणि ती निवड प्रामाणिक असते. पण ताब्याच्या वादात त्या एका शब्दावर अर्धा दावा उभा असतो. बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याचा मुद्दा निघाला तर विचारायलाच नको.

आता समजा भावाच्या कामात तुम्ही ‘पझेशन’ लिहिलं होतं. बहिणीच्या कागदात तोच शब्द आला आणि संदर्भ थोडा वेगळा वाटला म्हणून ‘यूज’ लिहिलंत, तर दोन्ही भाषांतरं एकाच सहीने, एकाच अपिलात समोरासमोर येतील. तुम्हाला विचारला जाणारा पहिलाच प्रश्न हा असेल, आणि तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी एका पक्षकाराचं नुकसान होणार. बरं, दुसऱ्यांदाही ‘पझेशन’च लिहिलंत तर? मग तो शब्द आजचा कागद वाचून आला की जुनं भाषांतर सांभाळायला आला, हे तुमचं तुम्हालासुद्धा सांगता येणार नाही. आणि ती घरगुती पत्रं तुम्ही वाचलेली आहेत. भावाला कोणती रक्कम पुरेशी वाटते, कोणत्या चुलत्याची साक्ष नको आहे, असलं काही त्यात असेल तर ते डोक्यातून पुसता येत नाही. म्हणजे गरज आहे, नाकाराच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे मान्य करते. त्याच पक्षकाराचं आधीचं काम अगदी वेगळ्या विषयातलं असेल, म्हणजे मुलाच्या परदेशी प्रवेशासाठी जन्मदाखला करून दिला एवढंच, तर मी सहसा अडत नाही. दोन्ही बाजूंचे वकील आधीपासून मिळून एकच भाषांतरकार ठरवत असतील तर प्रश्नच नाही. एखादा पक्षकार आपल्याला आवडत नाही, त्याची बाजू लबाडीची वाटते, हा हितसंबंधांचा संघर्ष नव्हे. ते आपल्या मनाचं झालं. तुमच्या बाबतीत मात्र तोच वाद आहे, तीच जमीन आहे आणि गोपनीय कागद वाचून झालेले आहेत. दोन्ही वकिलांची लेखी संमती घेऊन काम करता येईल का, असं कुणी सुचवेल. कागदावर येईल. पण संमती मागायला गेलात की ‘मी समोरच्याचं काम केलंय’ हे सांगावंच लागतं, आणि नेमकं तेच सांगायचा अधिकार तुमच्याकडे नाही.

या पत्राची खरी मेख इथेच आहे. नाकारण्याचं कारण हेच गुपित असतं.

माझ्याकडून हे एकदा फुटलंय. व्यवसायाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. असंच घरच्या मिळकतीचं भांडण होतं. एका वकिलांचा फोन आला, नावं ऐकली आणि मी मोठ्या प्रामाणिकपणे म्हणाले, ‘अहो, मला नाही करता येणार, समोरच्या पार्टीचं काम मीच केलंय.’ ते हसले. म्हणाले, ‘हो का? कशाचं, नोटिशीचं?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘मग मृत्युपत्राचं?’ मी गप्प बसले. दोन-तीन सेकंदच असतील, पण ते मृत्युपत्र तोवर कोर्टात आलेलंच नव्हतं. पुढच्या तारखेला ‘असं काही मृत्युपत्र असल्यास हजर करावं’ असा अर्ज पडला. माझ्या जुन्या वकिलांनी मला फोन करून एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे कुणी आलं होतं का?’ मी खरं सांगितलं. त्यानंतर त्यांच्याकडून एकही कागद आला नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणून ‘खरं कारण लिहू का’ याचं उत्तर ‘नाही’. ‘वेळ नाही’ असंही लिहू नका. ते खोटं आहे, आणि वर उपयोगाचंही नाही. वकील म्हणतील, ‘पुढच्या सोमवारपर्यंत द्या, घाई नाही,’ मग दुसरं खोटं बोलावं लागेल. आणि दोन महिन्यांनी अपिलाच्या कागदांत तुमच्या सहीचं जुनं भाषांतर त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांना वाटेल की आपली बाजू आधी वाचून घेतली आणि मग अंग काढलं.

मी वापरते तो मसुदा खाली देते. कंसातल्या जागा तुमच्या तुम्ही भरा.

> दिनांक: (…)
>
> प्रति,
> अॅड. (…) यांस
>
> विषय: भाषांतराचे काम स्वीकारता येत नसल्याबाबत
>
> महोदय,
>
> आपण दिनांक (…) रोजी ई-मेलने पाठवलेले (…) पानांचे कागद मिळाले. काम घेण्यापूर्वी मी हितसंबंधांची पडताळणी करतो. त्या पडताळणीनंतर हे काम मला स्वीकारता येणार नाही, असे कळवत आहे. व्यावसायिक गोपनीयतेमुळे याहून अधिक तपशील मला देता येत नाही. या नकाराचा आपल्या पक्षकाराच्या बाजूच्या गुणदोषांशी काहीही संबंध नाही.
>
> आपण पाठवलेल्या कागदांपैकी मी वाटणीपत्राचे फक्त पहिले पान पाहिले आहे. भाषांतराला सुरुवात केलेली नाही. आपल्या सर्व फायली मी आज माझ्या संगणकावरून, फोनवरून आणि मेलबॉक्समधून काढून टाकत असून माझ्याकडे कोणतीही प्रत राहणार नाही. आपण पाठवलेली आगाऊ रक्कम रुपये (…) आज परत पाठवली आहे.
>
> अपिलाची मुदत लक्षात घेऊन आपण दुसऱ्या भाषांतरकाराची सोय लगेच करावी, ही विनंती.
>
> आपला,
> (…)

पत्र लहान आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी तरी आहे.

‘हितसंबंधांची पडताळणी’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम ढगळ ठेवलाय. त्यात काहीही मावतं. समोरचा माझा मावसभाऊ असेल, शेजारचा गट माझ्या सासऱ्यांचा असेल, साक्षीदार माझा घरमालक असेल, किंवा मी आधी काम केलेलं असेल. ‘विरुद्ध पक्ष’ हे दोन शब्द पत्रात कुठेही नाहीत, हे बघा. वकील हुशार असतात, ते तर्क करणारच. तर्क थांबवणं आपल्या हातात नाही. पण कुणासाठी, कधी आणि कोणता कागद, या तीन गोष्टी आपल्याकडून जाता कामा नयेत. ‘काम घेण्यापूर्वी मी पडताळणी करतो’ हे वाक्य सवयीचं वाटतं म्हणून ठेवलंय. या प्रकरणात खास काहीतरी सापडलं, असा सूर त्यात लागत नाही.

एका परिस्थितीत मी हा शब्दसुद्धा काढते. जुनं काम दावा लागण्याच्या आधीचं असेल, म्हणजे कुणीतरी नोटीस पाठवायच्या तयारीत आहे आणि समोरच्याला त्याचा पत्ताच नाही, तर ‘हितसंबंध’ म्हटल्यावरही कान टवकारले जातात. अशा वेळी पहिल्या परिच्छेदात फक्त ‘हे काम मला स्वीकारता येणार नाही’ एवढंच राहतं, पुढचं गोपनीयतेचं वाक्यही जातं. ते अपुरं आहे, पण खोटं नाही. तुमच्या प्रकरणात निकाल लागून अपिलाची तयारी चाललीय, भांडण दोघांनाही माहीत आहे, तेव्हा वरचा मसुदा चालेल.

‘बाजूच्या गुणदोषांशी संबंध नाही’ हे वाक्य नसेल तर बातमी अशी पसरते की भाषांतरकाराने कागद बघितले आणि बनावट वाटले म्हणून परत केले. छोट्या गावात ही भीती पोकळ नाही. बार रूममध्ये चहाच्या दोन कपांत असं काहीही होऊ शकतं.

किती वाचलं ते नेमकं लिहा, आणि खरं लिहा. पहिलंच पान वाचलं असेल तर पहिलं पान. चार पानं वाचली असतील तर चार पानं. कमी करून सांगू नका, कारण आता तुम्ही या दुसऱ्या बाजूचंही गुपित बाळगून आहात. ती माहिती पहिल्या पक्षकाराच्या कामात कधीही येता कामा नये. तुम्ही इतक्या लवकर थांबलात हे बरं झालं. पूर्ण गठ्ठा वाचून मग नाकारलं असतं, तर भावाचं पुढचं कामही तुम्हाला सोडावं लागलं असतं.

फायली आज काढून टाकतो असं लिहिलं की त्या त्याच दिवशी खरंच काढा. इथे माणसं फसतात. जीमेलमध्ये नुसती अटॅचमेंट वेगळी काढता येत नाही, अख्खा मेल काढावा लागतो आणि तो तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतो. म्हणून ट्रॅशही रिकामा करा. आधी मेलला उत्तर द्या, मग मूळ मेल काढा. तुमच्या उत्तराखाली त्यांचा मजकूर राहतो, अटॅचमेंट राहत नाही, आणि नकार कधी कळवला याचा पुरावाही त्यातच राहतो. व्हॉट्सअॅपवर काही आलं असेल तर फोटो आपोआप गॅलरीत उतरलेले असतात आणि तिथून बॅकअपमध्ये गेलेले असतात. टायपिंग करणाऱ्या मुलाकडे फाइल पुढे पाठवली असेल तर त्याच्याकडचीही आलीच. मूळ कागद हातात दिलेले असतील तर स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. आगाऊ रक्कम पूर्ण परत करा. ‘एक पान बघितलं त्याचे’ म्हणून काही कापलंत तर काम घेतलं होतं असा अर्थ होतो.

मुदतीचं वाक्य शिष्टाचाराचं नाही. हायकोर्टात दिवाणी अपिलाला डिक्रीपासून 90 दिवस मिळतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, आणि वकील आपल्याकडे येतात ते बहुतेक वेळा शेवटच्या पंधरवड्यात. तुम्ही पत्राचे शब्द घोळवत चार दिवस घालवलेत तर ते चार दिवस बहिणीचे गेले. ओळखलं त्याच दिवशी कळवा. मसुदा तयार ठेवायचा तो यासाठीच. दुसऱ्या कुणाची नावं सुचवायला हरकत नाही, मी सहसा दोन-तीन देते. फक्त ज्याने भावाच्या कामात तुमचं मुद्रितशोधन केलं होतं त्याचं नाव नको, त्याची अडचण तुमच्याइतकीच आहे. आणि ज्यांची नावं देता त्यांना आधी फोन करून प्रकरण समजावूही नका.

पत्र गेल्यावर फोन येईल. ‘काय हो, आपल्यात काय लपवायचं? देशमुखांचं काम केलं होतं का?’ अशा वेळी हो म्हणायचं नाही हे कुणालाही कळतं. नाही म्हणायचं नाही, हे मला ठेच लागल्यावर कळलं. चुकीच्या अंदाजाला ‘नाही’ म्हटलंत की बरोबर अंदाजाच्या वेळची तुमची शांतता बोलते, माझं झालं तसंच. त्यामुळे अंदाज बरोबर असो वा साफ चूक, वाक्य एकच: ‘साहेब, पत्रात लिहिलंय त्यापलीकडे मला काही सांगता येणार नाही.’ तिसऱ्यांदा तेच वाक्य ऐकलं की समोरचा विषय बदलतो. मी तर कोणत्याही कारणाने प्रकरण नाकारताना शक्यतो हाच मसुदा वापरते. नेहमीचे वकील आता त्यावरून काही ताडू शकत नाहीत.

आता एक मोह. भावाच्या वकिलांना फोन करून ‘समोरचे माझ्याकडे आले होते, मी परत पाठवलं’ असं सांगावंसं वाटेल. निष्ठा दाखवल्यासारखं वाटतं ना? पण समोरची बाजू वाटणीपत्राचं भाषांतर करून घेतेय ही त्यांच्या तयारीची माहिती आहे, आणि ती त्यांनी तुम्हाला विश्वासाने दिली. पत्र जितकं बहिणीच्या वकिलांसाठी, तितकंच गप्प बसणं भावाच्या वकिलांसाठी. माझ्या वेळी जुन्या वकिलांनी स्वतः विचारलं, आणि तोवर नुकसान माझ्याच हातून झालेलं होतं, म्हणून मी कबूल केलं. काही बिघडलं नसेल तर सांगण्यासारखंही काही नसतं.

कायद्याचं थोडं. आपल्याकडे भाषांतरकारांना परवाना देणारी किंवा शिस्त लावणारी वैधानिक परिषद नाही, वकिलांना बार कौन्सिल आहे तशी. पण वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला जे संरक्षण आहे ते दुभाष्यालाही लागू आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात ते कलम 126 आणि 127 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्यात ते कलम 132 मध्ये आलंय. कलमात दुभाषा म्हटलंय. घरी बसून कागद करणारा भाषांतरकार त्यात नेमका बसतो की नाही यावर वकील तुमच्याशी तासभर वाद घालतील. मी बसतो असं धरून चालते. तसं धरल्याने आजवर तोटा झाला नाही.

पुढच्या वेळी हा प्रसंग पहिल्या पानापर्यंतही येऊ नये यासाठी एक करा. कागद मागवण्याआधी पक्षकारांची नावं, गाव आणि गट नंबर फोनवर विचारून घ्या आणि एका वहीशी ताडून बघा. माझी वही साधी दोनशे पानी आहे. प्रत्येक कामाला एक ओळ: तारीख, वकील, दोन्ही पक्षांची आडनावं, गाव, गट नंबर. नावांवर फार भरवसा ठेवू नका, विशेषतः बहीण-भावांच्या वादात. बहिणीचं सासरचं आडनाव वेगळं असतं, कागदांवर कधी माहेरचं येतं, कधी दोन्ही येतात. तुम्हालाही बहुधा नावावरून कळलं नसेल, जमिनीवरून कळलं असेल. गट नंबर मात्र बदलत नाही, एक अपवाद सोडून. एकत्रीकरण योजनेच्या आधीच्या कागदात जुना सर्व्हे नंबर असतो आणि सातबाऱ्यावर गट नंबर. तुमच्याकडे आलेलं वाटणीपत्र त्या काळातलं असेल तर एकाच तुकड्याचे दोन आकडे दोन बाजूंकडून येतील आणि वहीत जुळणार नाहीत. म्हणून ज्या कागदात दोन्ही नंबर सापडतात, तिथे मी दोन्ही लिहून ठेवते, गटाचा शाईने आणि सर्व्हेचा पेन्सिलने.